आधी जखम भरू द्या, रिलायनिंग नंतर

*डॉक्टर, मी 68 वर्षांची, महालात राहते. दोन्ही जबड्यांच्या पूर्ण कवळ्या साडेचार वर्षांपूर्वी केल्या. वरची अजून घट्ट बसते. खालची सहा महिन्यांपासून जेवताना उचलते, आणि आता तीन आठवडे झाले, डाव्या बाजूला आत जिभेकडे टोचून टोचून जखम झाली आहे. मेडिकलमधून जेल आणून लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मुलगा म्हणतो, टोचतं तिथे पॉलिश पेपरने घासून देतो. दाताच्या डॉक्टरांनी रिलायनिंग सांगितलं. शेजारच्या बाई म्हणतात, पैसे उकळतात, नवीनच कर. घरात सूनबाई, नातवंडं असतात, बोळकं तोंड कोणाला दिसू नये म्हणून रात्रीही कवळी काढत नाही. रोज टूथपेस्टने घासते, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाकते. काय करू?*
*— एक वाचक, महाल, नागपूर*

काकू, रिलायनिंग, म्हणजे कवळीला आतून नवीन अस्तर, की नवीनच कवळी, हा वाद दोन आठवडे बाजूला ठेवा. आधी ती जखम.

कवळी टोचून झालेली जखम, टोचणारी गोष्ट काढून घेतली की आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. तुमची तीन आठवडे भरली नाही याचं कारण बहुधा साधंच आहे. टोचणारी कड दिवसा तोंडात असते आणि रात्रीही तिथेच असते, मग ती भरणार केव्हा? म्हणून आज रात्रीपासून खालची कवळी बाहेर. दिवसाही शक्य तितका वेळ बाहेरच. वरची दिवसा राहू द्या, म्हणजे बोलायला आणि चेहऱ्याला फार फरक पडणार नाही. गुरगुट्या भात, वरण, मुगाची खिचडी, वरणात चुरलेली भाकर असं खाऊन आठवडा काढता येतो. तर्री आणि सावजी रस्सा तेवढे दिवस इतरांना खाऊ द्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून जेवणानंतर चुळा भरा. जेलबद्दल माझी तक्रार एवढीच, की तो लावून तुम्ही जेवायला बसता. बधिर झालेल्या जागेवर तीच कड पुन्हा दाबली जाते, फक्त तुम्हाला कळत नाही. लावायचाच असेल तर कवळी काढल्यावर लावा.

याच आठवड्यात तुमच्या दाताच्या डॉक्टरांना जखम दाखवा. कवळी बाहेर ठेवूनही दोन आठवड्यांत जखम पूर्ण भरली नाही, तर त्या जागेचा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, टाळायची नाही. जखमेच्या कडा बोटाला कडक लागत असतील, हात लागताच रक्त येत असेल किंवा गळ्याशी गाठ लागत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण आधी कधी गुडाखू, मशेरी, तंबाखू किंवा खर्ऱ्याची सवय असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येकाला विचारावाच लागतो आणि बायका तो हमखास लपवतात. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. बहुतेक वेळा जखम कवळीचीच निघते. पण ते ठरवण्याचा घरच्या घरी एकच मार्ग आहे, कवळी बाहेर ठेवणं. नुसतं पाहून कोणीही खात्री देऊ शकत नाही.

आता चार वर्षं नीट चाललेली कवळी अचानक का टोचायला लागली, ते बघू. अचानक काहीच झालेलं नाही. दात काढल्यानंतर जबड्याचं हाड झिजत राहतं. पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने, पुढे हळूहळू, पण थांबत नाही. आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. म्हणूनच तुमची वरची कवळी अजून पक्की आहे आणि खालची डळमळते. शिवाय वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते, तिच्यावर ती लाळेच्या पातळ थराने चिकटून बसते. खालच्या कवळीला हिरडीची एक अरुंद पट्टी मिळते आणि मध्ये जीभ सतत हलत असते. खालची कवळी वरच्याइतकी घट्ट बसावी ही अपेक्षा पहिल्या दिवसापासूनच चुकीची असते, आणि हे कवळी देताना सांगायला आम्ही डॉक्टर कंटाळा करतो.

हाड झिजलं, पण कवळीचा आकार तोच राहिला, म्हणून ती खाली बसू लागली. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, दाढांच्या रांगेच्या मागच्या भागात, हाडाची एक कड असते. तिच्यावरचं हाड झिजून सपाट झालं तरी ती कड बऱ्याचदा टोकदार राहते आणि तिच्यावरची कातडी फार पातळ असते. खाली बसलेल्या कवळीची आतली धार नेमकी तिथे येते. तुम्ही लिहिलेली जागा, डावीकडे आत जिभेकडे, तीच आहे. तुम्ही बहुधा डावीकडूनच जास्त चावत असाल, म्हणून उजवीकडे अजून काही नाही.

हे लक्षात घेतलं की मुलाचा पॉलिश पेपर का नको, तेही समजेल. त्याला जखम तोंडात दिसते, पण कवळीवर ती जागा नक्की कुठली, हे डोळ्यांनी कळत नाही. अंदाजाने घासलं तर चार मिलिमीटर बाजूची धार जाते, टोचणारी तशीच राहते, आणि कवळीला पकड देणारी कड कायमची कमी होते. आम्ही काय करतो, तर कवळीच्या आतल्या बाजूला पांढरी पेस्ट पातळ लावून ती तोंडात दाबून बसवतो. जिथे जास्त दाब येतो तिथली पेस्ट सरकते आणि खालचं गुलाबी ॲक्रिलिक उघडं पडतं. किंवा जखमेवरच रंगीत पेन्सिलने ठिपका देतो, कवळी बसवली की तो ठिपका कवळीवर उमटतो. तेवढाच भाग बरने, म्हणजे घासायच्या छोट्या फिरत्या हत्याराने, कमी करायचा आणि पुन्हा गुळगुळीत करायचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्यासाठी एक करा: दाखवायला जायच्या दिवशी सकाळी तीन-चार तास कवळी घालून, थोडं मऊ काही खाऊन जा, म्हणजे लाल झालेली जागा ताजी दिसेल.

इतकं करून जखम भरेल, पण कवळी सैल राहील ती राहीलच. तिथे रिलायनिंग येतं.

रिलायनिंग म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवीन अस्तर. दात तेच, बाहेरचा आकार तोच, फक्त हिरडीला टेकणारी बाजू आजच्या हिरडीच्या मापाने नव्याने भरायची. यात कवळीच मापाच्या साच्याचं काम करते. तिच्यात मापाचं मटेरियल भरून तोंडात बसवतात, तुम्हाला दात मिटायला सांगतात, आणि जिभेच्या व गालांच्या हालचाली करवून कडा घडवतात. मग ती लॅबमध्ये जाते, मापाच्या जागी गरम करून पक्कं होणारं ॲक्रिलिक येतं. यात कवळी एखाद-दोन दिवस तुमच्याजवळ नसते. दुसरा प्रकार खुर्चीवरच होतो, त्याच बैठकीत कवळी परत मिळते. पण ते ॲक्रिलिक तोंडातच कडक होतं, त्याला सूक्ष्म छिद्रं जास्त राहतात, वास आणि रंग लवकर धरतं. घाई नसेल तर मी लॅबचं सांगेन.

आता या पत्रातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. माप घेताना हिरडी जशी असेल तशीच ती उमटते. सुजलेली, दाबलेली, जखम असलेली हिरडी असेल तर तो फुगवटाही कवळीत उतरतो. चार दिवसांनी सूज उतरली की कवळी पुन्हा सैल, आणि शेजारच्या बाईंना "सांगितलं होतं ना, पैसे उकळतात" म्हणायला जागा मिळते. रिलायनिंग फसल्याची जी उदाहरणं लोक सांगतात, त्यांतली पुष्कळशी अशा घाईची असतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा, "माप घेण्याआधी हिरडीला किती दिवस विश्रांती देऊ?" निदान 24 तास कवळी पूर्ण बाहेर हवी, दोन-तीन दिवस मिळाले तर आणखी बरं. हिरडी फार चेचलेली असेल तर ते आधी कवळीत एक मऊ, जेलीसारखं तात्पुरतं अस्तर घालतात. ते काही दिवस टेकू देतं, मग कडक होऊ लागतं आणि बदलावं लागतं. एक-दोनदा बदललं की हिरडी गुलाबी आणि घट्ट होते, आणि मग पक्कं माप. तुमचा हिशेब साधारण असा बसतो: पहिला आठवडा कवळी बाहेर आणि टोचणारी कड कमी करणं, दुसऱ्या आठवड्यात जखम भरली का ते बघणं, भरली असेल तर मऊ अस्तर किंवा सरळ माप. महिन्याभरात काम संपायला हवं.

शेजारच्या बाईंचं म्हणणं अगदीच सोडून देता येत नाही, कारण कधी कधी नवीन कवळीच करावी लागते. फरक घरी ताडून बघता येतो, पण जखम भरल्यावर, आधी नाही. खालची कवळी घाला, दोन्ही हातांच्या तर्जनी डाव्या-उजव्या दाढांवर ठेवा आणि आळीपाळीने दाबा. एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू उचलत असेल, आणि जेवताना तिच्याखाली कण जात असतील, तर आतली बाजू हिरडीला सोडून आहे. आता दात मिटा आणि आरशात बघा. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकतात का? दाढांवरचे उंचवटे शाबूत आहेत की घासून सपाट झाले आहेत? दात मिटल्यावर हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते का, ओठांचे कोपरे खाली पडून सतत ओले राहतात का? दात शाबूत आणि चावा बरोबर, पण आतली बाजू सैल, तर रिलायनिंग योग्य. दात सपाट झालेत, तोंडाची उंची कमी झाली, कवळी मधोमध वारंवार तुटते, तर अस्तर घालून काही होत नाही, नवीन संच करा. साडेचार वर्षांची कवळी या दोन्हींच्या सीमेवर असते, म्हणून चावा बघितल्याशिवाय मी इथून सांगणार नाही.

उकळत्या पाण्याचा प्रश्न मात्र इथेच येतो. ॲक्रिलिक गरम पाण्यात वाकतं, आणि डोळ्यांना दिसणारही नाही इतकं वाकलं तरी हिरडीवर बसण्यात फरक पडतो. सहा महिन्यांचा सैलपणा सगळाच हाडाचा आहे की थोडा उकळीचा, हे डॉक्टरांना कळावं म्हणून ही सवय त्यांना सांगा. वाकलेली असेल तर रिलायनिंगने सुधारते का, ते त्यांना कवळी हातात घेऊन बघावं लागेल. आजपासून उकळी बंद. हाताला कोमट लागेल एवढंच पाणी.

टूथपेस्टही बंद. पेस्टमधली घासणारी पूड नैसर्गिक दाताच्या कडक आवरणासाठी असते. ॲक्रिलिक त्यापेक्षा फार मऊ. त्यावर बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना चमक कमी झाल्यासारखी दिसते, आणि त्या ओरखड्यांत बुरशी घर करते. त्याऐवजी डेंचर ब्रश, किंवा न मिळाल्यास मऊ केसांचा मोठा ब्रश, आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब किंवा साधा हात धुण्याचा साबण. बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा ओला नॅपकिन पसरा, मग हातातून निसटली तरी तुटणार नाही. कवळ्या तुटण्याच्या निम्म्या गोष्टी बेसिनच्या कडेवर घडतात. खालची कवळी मुठीत आवळून धरू नका, ती मधोमध मोडते. हलक्या बोटांनी एक बाजू धरून ती घासायची, मग दुसरी. आतली, हिरडीला टेकणारी बाजू जास्त नीट घासायची, लोक बाहेरचे दात चकचकीत करतात आणि आत तसंच सोडतात. जेवणानंतर नुसती पाण्याने खंगाळा, दिवसातून एकदा तरी नीट घासा, रात्री काढण्यापूर्वी केलं तर उत्तम. मग स्वच्छ धुवा, साबण राहू देऊ नका.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर कवळीवर पांढरा खरखरीत थर जमतो, ब्रशने निघत नाही. तो चाकूने, टाचणीने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवून ठेवा, मग ब्रश करा. तरी राहिला तर दवाखान्यात यंत्राने निघतो. कपड्याचं ब्लीच मात्र घरी वापरू नका, प्रमाण चुकलं की गुलाबी रंग उडतो. फेसाळणाऱ्या गोळ्या चालतील, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरत्या, नेहमी तोंडाबाहेर पेल्यात. त्या ब्रशची जागा घेत नाहीत. मऊ अस्तर घातलेलं असेल तेव्हा गोळी आणि कडक ब्रश दोन्ही डॉक्टरांना विचारूनच, कारण काही अस्तरं त्याने खराब होतात.

आता रात्रीबद्दल. तुमची अडचण कवळीची नाही, लाजेची आहे, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. कितीतरी बायका आपल्या नवऱ्यालाही बिनदाताचं तोंड दाखवत नाहीत. पण चोवीस तास कवळी ठेवली की तिच्याखालच्या हिरडीला लाळ मिळत नाही, दाब सुटत नाही, आणि बुरशी वाढते. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात वरची टाळू बघा. कवळीच्या आकाराचा लाल पट्टा दिसतो का? तो बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून लोकांना माहीतच नसतो. ओठांच्या कोपऱ्यात भेगा असतील तर तीही त्याचीच खूण असू शकते. डायबिटीस असेल तर हे जास्त दिसतं. असं काही असेल तर डॉक्टर बुरशीवरचं औषध लिहून देतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, कारण या औषधांतली काही त्यांच्याशी जुळत नाहीत. कवळीही तेवढीच साफ करावी लागते, नाहीतर औषध संपलं की बुरशी परत येते. जपानमध्ये 85 वर्षांपुढच्या 524 जणांची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. तुमचं वय तेवढं नाही, पण रात्रीची सवय आताच बदलणं सोपं जाईल.

म्हणून सून झोपायला गेल्यावर काढा, पहाटे ती उठायच्या आधी घाला. रात्री सहा-आठ तास बाहेर राहिली तरी पुरे. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, कवळी पूर्ण बुडेल इतकं साधं थंड पाणी घाला, रोज पाणी बदला आणि डबाही घासा. कोरडी ठेवू नका. ॲक्रिलिक पाणी शोषून आपला आकार राखतं, सुकलं की किंचित आकसतं. आपल्या मे महिन्यात, कूलरच्या वाऱ्यात टेबलावर उघडी ठेवलेली कवळी सकाळपर्यंत कोरडी पडलेली असते, मग घालताना घट्ट आणि टोचरी वाटते. रुमालात किंवा टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, कचऱ्यात जाते. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर. लाळेच्या वासाने कुत्रे कवळी उचलतात आणि ती चघळलेली सापडते. कवळी काढल्यावर ओल्या मऊ कापडाने किंवा मऊ ब्रशने हिरड्या, टाळू आणि जीभ पुसून घ्या.

चिकटवायच्या क्रीमबद्दल एक शब्द, कारण सैलपणा वाढला की लोक तिच्याकडेच वळतात. आता तुमच्या खालच्या कवळीला लावू नका. जखमेवर क्रीम भरून घट्टपणा आणला की खरी चूक झाकली जाते. रिलायनिंगनंतर थोडा आधार हवा असेल तर खालच्या कवळीला वाटाण्याएवढे तीन ठिपके पुरतात, आणि रोज रात्री ती पूर्ण काढून टाकायची. क्रीम दिवसेंदिवस जास्त लागत असेल तर कवळी सैल झाली आहे, आणखी क्रीम आणू नका, डॉक्टरांना दाखवा.

खर्चाचं बघायचं असेल तर मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात कवळ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. रिलायनिंग तिथेही होतं आणि खासगीपेक्षा खूप कमी खर्चात, फक्त फेऱ्या जास्त होतात आणि विद्यार्थी माप घेतात, त्यांच्यावर शिक्षक असतात. दोनच इम्प्लांट बसवून खालची कवळी पक्की करण्याचा पर्यायही असतो, पण त्याचा विचार हाड आणि तब्येत बघूनच. सैल खालच्या कवळीला पाच वर्षं कंटाळलेल्या माणसाला तो मोठा दिलासा देतो, तुमच्या बाबतीत मी तो रिलायनिंगनंतर बघेन.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही कवळ्या न्या, वरचीही, कारण खालचीला अस्तर घातलं की चावा बदलतो आणि तो वरचीशी जुळवून घ्यावा लागतो. आणि आजपासून पंधरा दिवसांनी ती जागा पुन्हा त्याच डॉक्टरांना दाखवा, बरं वाटत असलं तरीही.